काकांच्या फोनची प्रत थेट एसएसडीवर : प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार. नाशिक, गंगापूर रोड

काकांची द्राक्षबाग पिंपळगाव बसवंतजवळ आहे, आणि बागेचा सगळा कागदोपत्री संसार त्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये आहे. फवारणीच्या वहीच्या पानांचे फोटो मुकादम रोज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. औषधांच्या लेबलांचे फोटो, द्राक्षांत औषधांचे किती अंश उरले हे सांगणारे प्रयोगशाळेचे उर्वरित अंश तपासणीचे अहवाल आणि पॅकहाउसच्या पावत्याही तिथेच येतात. माल निर्यातीला जातो, त्यामुळे कोणती फवारणी कोणत्या तारखेला झाली हे मागाहून दाखवावे लागते. फोन २५६ जीबीचा असून त्यात ११८ जीबी फाइल्स आहेत. घरात संगणक नाही आणि शेतावरच्या इंटरनेटवरून एवढा साठा ढगात पाठवण्याचा विचारही व्यर्थ आहे. म्हणून एकच केबल, एक एसएसडी आणि फोन, इतक्यावर काकांना दर महिन्याला स्वतः करता येईल अशी रीत बसवून द्यायची, असे ठरले. गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये सुरू होईल आणि तिथून नव्या हंगामाच्या नोंदी वाढू लागतील, तेव्हा त्याआधी हे मार्गी लागले पाहिजे.

नवी एसएसडी आज घेता येणार नाही. उद्यापासून पितृपक्ष आहे आणि "पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही," असे काकूंनी निक्षून सांगितले. माझ्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी एका धातूच्या केसमध्ये घालून ठेवलेली होती, तिच्यावरच प्रयोग सुरू केला.

केबल जोडताच काकांच्या फोनने ड्राइव्ह ओळखली. काही फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ओटीजीचा, म्हणजे बाहेरची ड्राइव्ह जोडू देण्याचा, वेगळा खटका असतो आणि तो थोडा वेळ वापरात नसला की आपोआप बंदही होतो. या फोनमध्ये तसा खटका नाही, एवढी खात्री करून घेतली. पहिली अडचण मात्र लगेच आली. कृषी मेळाव्यातल्या व्याख्यानाचे ५ जीबीचे एकसलग चित्रण ड्राइव्हवर जाईना, आणि लहान फाइल्स मात्र सुरळीत जात होत्या. ही ड्राइव्ह मी पूर्वी टीव्हीला लावण्यासाठी फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केली होती, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. ड्राइव्हवर जपण्यासारखे काही नव्हते, म्हणून फोनच्याच स्टोरेज सेटिंग्जमधून ती पुन्हा फॉरमॅट केली. त्यानंतर तेच चित्रण बिनतक्रार गेले, म्हणजे फोनने आता मोठ्या फाइल्स चालणारे एक्सफॅट हे फॉरमॅट वापरले असावे. संगणक हाताशी नसताना ड्राइव्हचे फॉरमॅट ताडून पाहण्याची ही सोपी खूण आहे: ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल पाठवून पाहावी.

१४ सप्टेंबर, रविवार

आज आधी वेग मोजला. काकांकडे फोनसोबत आलेली चार्जिंगची जाड केबल आहे, आणि माझ्याकडे ड्राइव्हच्या केससोबत आलेली आखूड केबल आहे. दोन्हींची टोके सारखीच, टाइप-सी. तेच ५ जीबीचे चित्रण मी दोन्ही केबलींनी आणि दोन्ही फोनवरून, म्हणजे काकांच्या आणि माझ्या, असे चार वेळा पाठवले. माझ्या फोनवर आखूड केबलीने अर्ध्या मिनिटात काम झाले, तर चार्जिंगच्या केबलीने जवळजवळ अडीच मिनिटे लागली. काकांच्या फोनवर मात्र दोन्ही केबलींनी अडीच मिनिटेच लागली.

याचा अर्थ उघड आहे. चार्जिंगच्या बहुतेक केबलींमध्ये विजेच्या तारा जाड असतात, पण माहितीसाठी फक्त यूएसबी २.० ची जोडी असते. वेगवान यूएसबी ३ साठी लागणाऱ्या जास्तीच्या तारा खर्च वाचवण्यासाठी घातलेल्याच नसतात. माझ्या फोनवर फरक दिसला तो केबलीचा. काकांच्या फोनचे पोर्टच यूएसबी २.० चे आहे, तेव्हा केबल कोणतीही लावली तरी सेकंदाला साधारण ३४ एमबीच्या पुढे मजल जाणार नाही. फक्त एका फोनवर मोजून थांबले असते, तर मी काकांना महागडी केबल घ्यायला लावली असती आणि उपयोग शून्य झाला असता. ११८ जीबीला ३४ च्या वेगाने सुमारे ५८ मिनिटे लागतील, हा हिशेब काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, "तासभर लागू दे की. ठिबकचा व्हॉल्व्ह सोडून बसायचंच असतं." वेगवान एसएसडी घेण्याचे कारणच उरले नाही, पुढची खरेदी यामुळे स्वस्त होणार आहे.

दुपारी पूर्ण प्रत घ्यायला सुरुवात केली आणि ११ जीबीच्या आसपास ड्राइव्ह अचानक गायब झाली. ड्राइव्ह नीट न काढता निघाली, असा संदेश फोनवर आला. त्या वेळी फोनची बॅटरी १९ टक्के होती, म्हणून आधी तिच्यावरच संशय घेतला. फोन ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करून पुन्हा प्रयत्न केला, तर १४ जीबीला तेच घडले. केबल सैल बसते का हे पाहण्यासाठी त्याच पोर्टला ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह लावून २० जीबी पाठवले, आणि ते एकदाही न तुटता गेले. पेन ड्राइव्ह थेट पोर्टात बसत असल्याने केबलीचा प्रश्न उरला होता, तोही दुसरी केबल लावून संपवला, कारण तिच्यावरही ड्राइव्ह तशीच पडली. दोन्ही वेळा धातूचे केस हात लावू नये इतके तापले होते.

माझा निष्कर्ष असा की दोष विजेच्या मागणीचा आहे. एसएसडीला स्वतःचा वीजपुरवठा नसतो. ती फोनच्या बॅटरीतून पाच व्होल्टवर जगते. यूएसबी २.० च्या मूळ नियमाप्रमाणे पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात आणि यूएसबी ३ मध्ये ९००, म्हणजे अनुक्रमे अडीच आणि साडेचार वॅट. लॅपटॉपसाठी बनवलेली एनव्हीएमई ड्राइव्ह सतत लिहिताना याहून जास्त मागू शकते. पोर्टला ती मागणी पेलली नाही की ड्राइव्ह क्षणभर बंद पडते आणि फोनला ती काढून घेतल्यासारखी दिसते. मध्ये वीज देणारा हब लावून हे सुटले असते, पण मग एका केबलीची अट मोडते आणि शेतावर आणखी एक डबा सांभाळावा लागतो.

या पडझडीतून एक गोष्ट हाती लागली, आणि ती माझ्या मते आजच्या दिवसाची मुख्य नोंद आहे. प्रत तुटली त्या क्षणी जी फाइल चालू होती, ती ड्राइव्हवर पूर्ण नावानिशी हजर होती, पण तिचा आकार मूळ फाइलच्या एक तृतीयांश होता. फोनने काढलेल्या चित्रणाची अनुक्रमणिका बहुधा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे अशी तुटकी फाइल उघडतच नाही. आता पुन्हा प्रत सुरू केली की फोन विचारतो, "ही फाइल आधीच आहे, वगळायची की बदलायची?" वेळ वाचवण्यासाठी आपण सगळ्यांना "वगळा" म्हणतो, आणि मग बाकी सर्व फाइल्स पूर्ण जातात, पण ती एक अर्धीच राहते. मोजणी केली तर संख्याही बरोबर भरते. म्हणून प्रत तुटली तर सर्वांत शेवटी लिहिली गेलेली फाइल आधी ड्राइव्हवरून पुसायची आणि मगच "वगळा" निवडायचे, हा नियम काकांच्या वहीत लिहून दिला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

घटस्थापना झाली, काकूंची हरकत संपली. महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानातून ५०० जीबीची, पेनच्या डबीएवढी बंद एसएसडी घेतली. खोक्यावरचे वेगाचे आकडे वाचलेच नाहीत. काकांचा फोन तिथेच जोडला आणि १० जीबी पाठवून पाहिले. दुकानदाराला ती पाच मिनिटे फार वाटली, पण ड्राइव्ह एकदाही पडली नाही आणि जेमतेम कोमट झाली. कमी वेगाची, कमी विजेवर चालणारी ड्राइव्ह फोनसाठी अधिक योग्य असते, हे दुकानदाराला पटवण्यापेक्षा काकूंना पटवणे सोपे गेले.

२८ सप्टेंबर, रविवार

पूर्ण प्रत झाली. सुरू करण्याआधी फोन विमान मोडमध्ये टाकला, कारण प्रत चालू असताना व्हॉट्सअ‍ॅपवर नवे फोटो येत राहिले तर शेवटी मूळ आणि प्रत यांची मोजणी जुळत नाही, आणि फरक कशाचा हे शोधत बसावे लागते. स्क्रीन आपोआप बंद होण्याची मुदतही वाढवली. काही फोन स्क्रीन विझल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतले काम थांबवतात.

कॅमेऱ्याचे फोल्डर `DCIM` ७१ जीबीचे होते आणि त्याला ३६ मिनिटे लागली, म्हणजे हिशेब तंतोतंत जुळला. व्हॉट्सअ‍ॅपचे ३८ जीबी मात्र १९ मिनिटांऐवजी ५१ मिनिटे खाऊन बसले. या फाइल्स पुढील जागी असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

तिथे लहान फाइल्सचा महापूर आहे, आणि प्रत्येक फाइलमागे ती उघडणे, नोंद करणे, बंद करणे हा ठरावीक खर्च असतोच. शिवाय या एक्सफॅट ड्राइव्हवर जागेचा सर्वांत लहान तुकडा १२८ केबीचा आहे, म्हणजे ३० केबीची फाइलही १२८ केबी अडवते. स्टिकरच्या फोल्डरमध्ये ९,००० फाइल्स निघाल्या. प्रत्यक्षात त्या पाव जीबीच्या आसपास, पण ड्राइव्हवर त्यांनी सव्वा जीबीच्या जवळपास जागा घेतली. शुभ सकाळच्या फुलांना एवढा मान देण्याचे कारण नाही. ते फोल्डर यादीतून काढून टाकले.

मग ड्राइव्ह फोनवरून रीतसर काढली, केबल उपटली आणि पुन्हा जोडली. हे मुद्दाम केले, कारण लगेच तपासणी केली तर फोन कधी कधी आपल्या स्मृतीत उरलेलेच दाखवतो. पुन्हा जोडल्यावर जे दिसते ते ड्राइव्हवर खरोखर लिहिलेले असते. प्रत्येक फोल्डरच्या तपशिलात फाइल्सची संख्या आणि एकूण आकार दिसतो. संख्येत दोन-चारचा फरक आला, तो `.nomedia` सारख्या लपलेल्या फाइल्सचा निघाला, त्यामुळे मी आकाराला जास्त महत्त्व दिले. शेवटची पाच चित्रणे शेवटापर्यंत सरकवून पाहिली.

इथवर सगळे ठीक वाटत होते. काकांनी सहज म्हटले, "गेल्या जानेवारीतला उर्वरित अंशाचा अहवाल दाखव बरं." मी ड्राइव्हवरचे `WhatsApp Documents` फोल्डर उघडले, तारखेप्रमाणे लावले, आणि सहाशेच्या वर फाइल्सची तारीख एकच दिसली: २८ सप्टेंबर २०२५.

फोनच्या फाइल मॅनेजरने प्रत करताना प्रत्येक फाइल नव्याने तयार केली आणि तिला आजची तारीख दिली. कॅमेऱ्याच्या फोटोंना याचा त्रास नाही, कारण काढल्याची वेळ फोटोच्या आतच लिहिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅप मात्र फोटो पाठवताना ही आतली माहिती काढून टाकते. सुदैवाने आलेल्या फोटोच्या नावातच दिवस असतो. `IMG-20250118-WA0023.jpg` हे नाव पाहून १८ जानेवारी कळते, वेळ कळत नाही, पण फवारणीच्या वहीसाठी दिवस पुरतो. खरी अडचण कागदपत्रांची आहे. त्यांतली पुष्कळशी पाठवणाऱ्याने दिलेल्या नावानेच येतात, आणि आमच्याकडे `scan.pdf`, `scan(1).pdf`, `Report final.pdf` अशा नावांची रांग लागली आहे. मूळ फोनवर ती फाइल कधी आली यावरून शोधता येते. प्रतीत तो धागा तुटला. अहवाल हरवला नाही, पण सहाशे फाइल्स एकेक उघडून पाहिल्याशिवाय तो सापडणार नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मूळ फोनमध्ये तारखा आहेत ना अजून? मग घाई नाही."

३० सप्टेंबर, मंगळवार

उपाय माझ्या फोनवर करून पाहिला. झिप फाइलच्या आत प्रत्येक फाइलची बदल-तारीख नोंदवलेली असते. बाहेरच्या झिपला प्रत करताना आजची तारीख मिळाली तरी आतल्या तारखा हलत नाहीत. माझ्या फोनसोबत आलेल्या फाइल मॅनेजरने कागदपत्रांच्या फोल्डरची झिप केली, ती एसएसडीवर पाठवली, तिथून उघडली आणि आतल्या तारखा मूळच्याच निघाल्या. ती पुन्हा फोनवर सोडवून पाहिली, तेव्हाही तारखा टिकल्या. प्रत्येक फाइल मॅनेजर असेच वागेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून काकांच्या फोनवर हीच चाचणी पुन्हा करावी लागेल.

झिपचा आणखी एक फायदा लक्षात आला. तिची अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळे प्रत अर्धवट तुटली तर झिप उघडतच नाही आणि दोष तत्काळ कळतो. फोल्डर मात्र अर्धवट असूनही वरून धडधाकट दिसते. शिवाय शेकडो लहान फाइल्सऐवजी एकच मोठी जात असल्याने वेळही वाचतो. तोटा एवढाच की झिप तयार होईपर्यंत फोनमध्ये तेवढी मोकळी जागा लागते, आणि जुन्या प्रकारच्या झिपला ४ जीबीची मर्यादा असल्याने काही साधने त्यापुढची झिप उघडत नाहीत. म्हणून सबंध वर्षाची एक करण्याऐवजी महिन्यामहिन्याची करायची. फोटो आणि चित्रणे मात्र झिप करायची नाहीत. ती आधीच आवळलेली असतात, त्यांच्यात जागा वाचत नाही आणि तारीख त्यांच्या आत किंवा नावात असतेच.

५ ऑक्टोबर, रविवार

काकांच्या फोनवर चाचणी केली. झिपमधल्या तारखा टिकल्या. जानेवारीचा अहवाल ड्राइव्हवरच्या झिपमधून दोन मिनिटांत काढून काकांना दाखवला. त्यानंतर परत आणण्याची रंगीत तालीम केली: काकूंच्या जुन्या फोनला हीच ड्राइव्ह जोडून शंभर फोटो आणि एक झिप उतरवून घेतली. व्यवस्थित उघडली.

या प्रतीत काय येत नाही, तेही आज वहीत लिहिले. अ‍ॅपच्या आतला बराचसा साठा `Android/data` मध्ये असतो, आणि नव्या अँड्रॉइडमध्ये तिथे फाइल मॅनेजरला शिरकाव नसतो. संदेश आणि बँकांची अ‍ॅप यांची प्रत होत नाही. संपर्क मात्र संपर्कांच्या अ‍ॅपमधून `.vcf` फाइल म्हणून काढता येतात. ती ४०० केबीची निघाली आणि ड्राइव्हवर गेली. व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांचा साठा शेजारच्या `Databases` फोल्डरमध्ये कुलूपबंद असतो. तोही घेतला, पण त्याच क्रमांकाची पडताळणी झाल्याशिवाय तो उघडत नाही. ती तालीम केली नाही, कारण काकूंच्या फोनवर काकांचा क्रमांक चढवला असता तर ऐन छाटणीच्या तयारीत काकांच्या फोनवरून तो उतरला असता.

ड्राइव्हला कुलूप नाही. त्यावर पासबुकांचे आणि आधार कार्डांचे फोटोही आहेत, तेव्हा ती गाडीच्या खणात न राहता काकूंच्या कपाटात राहील.

९ नोव्हेंबर, रविवार

काकांनी पहिल्यांदा एकट्याने महिन्याची प्रत घेतली आणि ड्राइव्ह मला दाखवायला आणली. ऑक्टोबरचे फोटो आणि कागदपत्रांची झिप मिळून ४.६ जीबी होते. फोटो पूर्ण होते. झिप मात्र ड्राइव्हवर शून्य बाइटची.

"पट्टी शंभर टक्के झाली आणि मी केबल काढली," काका म्हणाले. पट्टी भरली म्हणजे फोनने आपल्या बाजूने फाइल सोपवली. ती शेवटच्या बाइटपर्यंत ड्राइव्हवर उमटायला आणखी क्षण लागतात. एक्सफॅटमध्ये अपुऱ्या राहिलेल्या लिखाणाची सावरासावर करणारी नोंदवही नसते, त्यामुळे त्या क्षणी केबल ओढली तर नाव उरते आणि आशय जातो. सूचनापट्टीतून ड्राइव्ह काढण्याचे बटण दाबून, आता काढता येईल असा संदेश आल्यावरच केबल काढायची, हे त्यांना दोनदा करून दाखवले. झिप त्यांच्या फोनमध्ये शिल्लक होती, ती पुन्हा पाठवली, ड्राइव्ह काढून परत जोडली आणि झिप उघडून आतल्या एका पावतीची तारीख पाहिली: १७ ऑक्टोबर. फोनमधली झिप त्यानंतरच पुसली, आणि ड्राइव्हवर उघडून पाहिल्याशिवाय फोनमधली पुसायची नाही, ही ओळ काकांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिली.

पुढची प्रत ७ डिसेंबरला घ्यायची आहे.